माळढोक पक्षी आणि अभयारण्याची सीमा
(दहावीच्या प्रकल्पास उपयोगी असा एक पाठ)

दहावीच्या विज्ञानाच्या अभ्यासक्रमात जैवविविधता, संकटग्रस्त प्रजाती व संरक्षित क्षेत्रे ह्यांवर प्रकल्प करावयाचा असतो. बहुतेक विद्यार्थी वाघ, हत्ती वा गेंडा ह्यांची चित्रे चिकटवून हा प्रकल्प पुरा करतात. परंतु जो प्राणी आपल्याच ज्वारीच्या शेतात चरत असे, आणि ज्याच्या रक्षणाचा प्रश्न आपल्या सातबाराशी प्रत्यक्ष येऊन भिडला, त्याचा अभ्यास शेतकऱ्याच्या मुलास अधिक सोपा व अधिक बोधप्रद होईल. असा प्राणी म्हणजे माळढोक पक्षी होय. प्रस्तुत लेखात सोलापूर जिल्ह्यातील नान्नज व त्याभोवतालचे माळ हे उदाहरण घेऊन तो विषय क्रमाने मांडला आहे.

माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे

जैवविविधता तीन प्रकारची सांगतात. एकाच जातीतील व्यक्तीव्यक्तींमधील भेद ही आनुवंशिक विविधता, निरनिराळ्या जातींची संख्या ही प्रजातींची विविधता, आणि जंगल, माळ, तळे, खाडी अशी निरनिराळी वसतिस्थाने ही परिसंस्थांची विविधता. ह्यांपैकी तिसरा प्रकार विद्यार्थ्यांच्या सहज ध्यानात येत नाही. महसुली दप्तरात माळास पोटखराबा, गायरान किंवा पड असे म्हणतात, आणि त्यामुळे तेथे काहीच नाही अशी समजूत होते. वास्तविक उथळ मुरमाड जमीन व बेताचा पाऊस असलेल्या प्रदेशात माळ हेच निसर्गाचे पूर्ण रूप असते. तेथे कुसळी, मारवेल, पवन्या ही गवते वाढतात. त्या गवतावर नाकतोडे, टोळ व भुंगेरे जगतात. त्यांच्यावर चंडोल, धाविक व माळढोक हे पक्षी जगतात. काळवीट गवत खातो, आणि लांडगा व खोकड ह्या सर्वांच्या मागे असतात. गवत गेले की ही साखळी पहिल्या कडीपासूनच तुटते.

पक्षी कमी होतो तो कसा

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतील सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक आहे. नराची उंची सुमारे एक मीटर व वजन पंधरा किलोपर्यंत असते. तो नाकतोडे, भुंगेरे, सरडे, धान्य, बोरे व भुईमूग असे सर्व काही खातो. मादी उघड्या जमिनीवर, कसलेही घरटे न बांधता, बहुधा एकच अंडे घालते आणि सुमारे सत्तावीस दिवस उबवते. तिचे पिल्लू स्वतः प्रजननक्षम होण्यास तीन-चार वर्षे लागतात.

ह्या शेवटच्या दोन गोष्टींतच सारे मर्म आहे. विद्यार्थ्याने हा हिशेब आपल्या वहीत मांडून पाहावा. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी गृहीत धरले आहेत. समजा, एका माळावर वीस पक्षी आहेत व त्यांत दहा माद्या आहेत. त्यांपैकी सहांनी त्या वर्षी अंडी घातली, म्हणजे सहा अंडी झाली. तीन अंडी कुत्रे, खोकड, कावळे ह्यांनी किंवा जनावरांच्या पायांनी नाहीशी केली. उरलेल्या तीन पिल्लांपैकी एक वर्षभर जगले. म्हणजे वर्षाची भर एक. आता त्याच वर्षी दोन मोठे पक्षी विजेच्या तारेवर आपटून किंवा अन्य कारणाने मेले, तर वर्षाअखेर एकोणीस पक्षी उरतात. दरवर्षी असेच घडत गेले तर वीस वर्षांत माळ रिकामा होतो. वास्तविक तो त्याहून आधी होईल, कारण माद्या कमी झाल्या की अंडीही कमी होतात. कोंबडीचा कळप अर्धा मेला तरी वर्षात भरून निघतो. माळढोकाचा मात्र एक मोठा पक्षी मेला तर ती तूट भरून निघण्यास अनेक वर्षे जातात.

म्हणूनच जागतिक यादीत २०११ साली ह्या पक्ष्यास अतिसंकटग्रस्त ह्या वर्गात घातले गेले. १९६९ च्या सुमारास देशात १,२६० माळढोक असावेत असा अंदाज होता. आता ते दीडशेच्या आतच उरले असून त्यांतील बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या बाजूस आहेत. नान्नजच्या माळावर अलीकडील वर्षांत एखादा पक्षी दिसला तरी ती बातमी होते.

पूर्वी ह्या ऱ्हासाचे मुख्य कारण शिकार हे होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत माळढोकाचा समावेश असल्यामुळे त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. त्यानंतरची कारणे वेगळी आहेत. पाणी आले तसा माळ मोडून तेथे ऊस व द्राक्षे झाली. ज्वारी, भुईमूग ह्या कोरडवाहू पिकांत हा पक्षी चरत असे, परंतु उंच उसात तो शिरत नाही. कीटकनाशकांमुळे त्याचे खाद्य घटले. काही माळांवर हिरवळ वाढवावी ह्या सद्हेतूने झाडे लावण्यात आली, आणि दूरवर पाहून शत्रू ओळखणाऱ्या ह्या पक्ष्यास तो माळ निरुपयोगी झाला. झाडे लावणे हे सर्वत्रच संवर्धन नसते, हा ह्या उदाहरणाचा एक मोठा धडा आहे.

विजेच्या तारांचे कारण विशेष समजून घेण्यासारखे आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असून उडताना समोरचे त्यास फार थोडे दिसते. शरीर जड असल्यामुळे तार जवळ आल्यावर त्यास चटकन वळताही येत नाही. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली राजस्थान व गुजरात येथील त्याच्या वस्तीच्या भागात तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. सर्वच ठिकाणी असे करणे शक्य नाही असे दिसून आल्यावर २०२४ साली त्या आदेशात बदल करून तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली.

सीमा आखण्यातील चूक

प्राण्यास त्याच्या मूळ जागीच राखणे ह्यास स्वस्थानी संवर्धन म्हणतात. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान ही त्याची साधने होत. महाराष्ट्रात माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत अभयारण्याची योजना झाली. तिचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. वाचकांनी ह्या आकड्यावर क्षणभर थांबावे. एवढ्या क्षेत्रात गावठाणे, बागायती, बाजारपेठा, रस्ते, सारे काही आले. पक्षी मात्र त्यातील काही थोड्या गवती माळांवर होता.

ह्याचा परिणाम दुहेरी झाला. खातेदारास विहीर, रस्ता, बांधकाम किंवा जमिनीचा व्यवहार करताना अडचणी येऊ लागल्या, आणि ज्याच्या शेतात पक्षी उतरे त्यालाच तो पक्षी नकोसा झाला. उलट, खऱ्या माळांस जे लक्ष व जो खर्च हवा होता तो एवढ्या विस्तारात विरून गेला. अखेर २०१२ साली सीमा नव्याने ठरवून क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. परंतु मधल्या तीन दशकांत माळ मोडत गेले ते गेलेच.

कायद्यात ह्यासाठी रीत नाही असे नाही. अभयारण्य करण्याचा इरादा शासन प्रथम अधिसूचनेने जाहीर करते. मग जिल्हाधिकारी उद्घोषणा काढून लोकांचे हक्क नोंदवून घेतो व चौकशी करतो. एखाद्या जमिनीवर हक्क सिद्ध झाल्यास ती जमीन क्षेत्रातून वगळता येते, मोबदला देऊन संपादित करता येते, किंवा मुख्य वन्यजीव रक्षकाच्या विचाराने तो हक्क चालू ठेवता येतो. त्यानंतरच अंतिम अधिसूचना निघावयाची असते. ही चौकशी गटवार व वेळेत होणे हेच सर्वांत महत्त्वाचे.

अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान ह्यांतील भेदही शेतकऱ्याने जाणावा. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मनाई असते. अभयारण्यात चराईचे नियमन करता येते, तिला सर्वथा बंदीच असते असे नाही. २००२ च्या दुरुस्तीने आणखी दोन प्रकार कायद्यात आले. शासकीय जमिनीवरील संवर्धन राखीव, आणि खाजगी किंवा गावच्या जमिनीवर मालकांच्या इच्छेने होणारे सामुदायिक राखीव. नाशिक जिल्ह्यात येवल्याजवळील ममदापूर येथे काळविटांसाठी पहिल्या प्रकारचे राखीव क्षेत्र झाले आहे.

जागेबाहेरचे संवर्धन व त्याची मर्यादा

माळावर पक्षी फारच थोडे उरले म्हणजे दुसरा उपाय योजावा लागतो, त्यास परस्थानी संवर्धन म्हणतात. राजस्थानात २०१९ पासून जैसलमेरजवळ सम येथे, व पुढे रामदेवरा येथे, माळावरील अंडी काळजीपूर्वक उचलून यंत्रात उबवली जातात व पिल्ले वाढवली जातात. अंडे गेल्यास मादी कधी कधी त्याच हंगामात दुसरे अंडे घालते, म्हणून ह्या रीतीने पक्षी वाढण्यास वाव मिळतो. २०२४ साली कृत्रिम रेतनानेही तेथे पिल्लू जन्मास आले. परंतु माणसाच्या हातून वाढलेले पिल्लू माणसास भीत नाही व कुत्र्यापासून सावध राहणे शिकत नाही. म्हणून त्याला माळावर सोडणे हे जन्मास घालण्याहून कठीण काम आहे. शिवाय सोडावयाचे ते माळच उरले नसतील तर पिंजऱ्यातील पक्षी पिंजऱ्यातच राहणार.

प्रकल्प कसा करावा

विद्यार्थ्याने आपल्या गावचे गायरान निवडावे. गावनकाशावरून त्याचा गट क्रमांक व क्षेत्र लिहून घ्यावे, आणि तलाठी कार्यालयातील जुनी व नवी पीकपाहणी ताडून गेल्या तीस वर्षांत गवताखालचे क्षेत्र किती घटले ते काढावे. मग सुतळीने एक मीटर लांब व एक मीटर रुंद असा चौकोन करून तो भाद्रपदात दहा ठिकाणी टाकावा, पाच ठिकाणे चराईची व पाच राखलेली. प्रत्येक चौकोनात किती जातींची गवते व झुडपे आहेत आणि किती नाकतोडे उडाले ते नोंदवावे. चौकोन चांगली जागा पाहून ठेवू नये. ठरावीक पावले चालून पडेल तेथे टाकावा, नाहीतर निष्कर्ष आपल्या मनासारखाच निघतो. गवताची नावे शाळेच्या पुस्तकापेक्षा गावातील धनगर अधिक अचूक सांगेल, ती त्याच्याकडून लिहून घ्यावीत.

दोन्ही बाजूंची सरासरी शेजारी शेजारी मांडली म्हणजे राखलेल्या माळावर किती अधिक जाती आहेत ते आकड्यांनीच कळेल. क्वचित असेही आढळेल की अगदीच न चरलेल्या जागी एकच उंच गवत माजले असून जाती कमी आहेत. तसे आढळल्यास ते लपवू नये. मध्यम चराई, पाळीपाळीने राखलेले कुरण व पावसाळ्याच्या आरंभी विणीच्या काळात बंद ठेवलेला माळ, ह्या तिन्ही गोष्टी गुरांस व पक्ष्यांस एकदमच उपयोगी पडतात. त्यासाठी गावाने ठराव केला तर पुरतो, अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.