वाकडे अंगण आणि बोथट हत्यार

इंग्रजी म्हणींना मराठी प्रतिशब्द द्या, असा प्रश्न परीक्षेत आला की आपले विद्यार्थी एक जोडी हमखास लिहितात. ‘अ बॅड वर्कमन ऑलवेज ब्लेम्स हिज टूल्स’, म्हणजे ‘नाचता येईना अंगण वाकडे’. मीही विद्यार्थी असताना हेच लिहिले आणि पुढे इंग्रजीचा अध्यापक झाल्यावर हेच शिकवले. उत्तर चूक नाही, गुण मिळतात. परंतु या दोन म्हणी जिथे एकमेकींपासून अलग होतात ती जागा मला फार उशिरा दिसली, आणि ती दिसायला माझ्या हातून एका विद्यार्थ्यावर झालेला अन्याय कारण झाला.

आधी साम्य पाहू. दोन्ही म्हणींत एक माणूस आहे, त्याला एक काम नीट जमत नाही आणि तो दोष स्वतःकडे न घेता बाहेरच्या वस्तूवर ढकलतो. कानडीतही हीच म्हण आहे: ‘कुणियलारदवळु नेल डोंकु अंदळंते’. नाचू न शकणारी बाई जमीन वाकडी आहे म्हणाली म्हणे. आपल्या आणि कानडीच्या म्हणीत नाच तोच, वाकडेपणा तोच; अंगणाच्या जागी जमीन आली एवढेच. या दोघी सख्ख्या बहिणी म्हणाव्यात. इंग्रजी म्हण मात्र फार तर मावसबहीण ठरेल.

आता फरक पाहू. पहिला फरक वस्तूचा. इंग्रजी म्हणीतला माणूस कारागीर आहे. जुन्या काळी सुताराची करवत, रंधा आणि पटाशी ही त्याच्या स्वतःच्या मालकीची असत. त्यांना धार लावणे हाही त्याच्या कामाचाच भाग. म्हणून ‘पटाशी बोथट आहे’ अशी तक्रार करणारा सुतार आपल्याच तोंडाने आपला दुसरा दोष कबूल करतो. धार लावायची कोणी होती? इंग्रजी म्हणीचा डंख इथे आहे. जॉर्ज हर्बर्टच्या नावावर 1640 साली प्रसिद्ध झालेल्या म्हणींच्या संग्रहात ही म्हण थोड्या वेगळ्या रूपात आहे. वाईट कारागिराला चांगली हत्यारे कधी लाभलीच नाहीत, अशा अर्थाची. त्यातही रोख हाच.

अंगणाचे तसे नाही. अंगण नाचणाऱ्याने केलेले नसते. शिवाय पावसाचे पाणी दारात साचू नये म्हणून अंगणाला थोडा ढाळ देतातच. म्हणजे अंगण वाकडे आहे हे खरेही असू शकते! मग म्हणीचा डंख कुठे आहे? तो यात आहे की त्याच अंगणात बाकीच्या नाचून गेल्या. ढाळ सर्वांना सारखाच होता. हत्याराची म्हण विचारते, ‘वस्तू कोणाच्या ताब्यात होती?’ अंगणाची म्हण विचारते, ‘इतरांना तीच वस्तू चालली की नाही?’

दुसरा फरक वेळेचा. कारागिराने काम केलेले आहे आणि ते बिघडलेले आहे. दार लागत नाही, मग करवतीला दोष. आपल्या म्हणीत नाच झालाच पाहिजे असे नाही. वक्तृत्व स्पर्धेत नाव पुकारल्यावर ‘ध्वनिक्षेपक खरखरतो’ म्हणून जागेवरून न उठणाऱ्याला आपली म्हण बरोबर लागू पडते. इंग्रजी म्हण त्याच्यासाठी वापरली तर ऐकणारा विचारील, त्याने बिघडवले काय?

तिसरा फरक व्याकरणाचा आहे. इंग्रजीत कर्ता उघड आहे आणि त्याला ‘बॅड’ हे विशेषण चिकटवलेले आहे. कानडीत ‘ती’ आहे आणि ‘म्हणाली म्हणे’ हेही आहे. मराठीत कर्ता नाही, क्रियापद एकच, ‘येईना’. कोणाला येईना, ‘अंगण वाकडे’ हे कोण म्हणाले, काहीच सांगितलेले नाही. त्यामुळे आपली म्हण माणसाला वाईट ठरवत नाही. आज येत नाही, उद्या येईल, एवढी जागा ‘येईना’त राहते. पण त्याच कारणाने ती समोरच्या कोणालाही झटकन चिकटवता येते. मी ती अशीच चिकटवली.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका महाविद्यालयात होतो. विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला इंग्रजीचा तास चालू होता आणि विषय नेमका हीच जोडी होता. उदाहरण म्हणून एक मुलगा सहज म्हणाला, ‘‘सर, आमच्या लंबकाच्या प्रयोगात माझे उत्तर चुकते, पण स्टॉपवॉचच बिघडले आहे.’’ मी हसून म्हटले, ‘‘अरे, नाचता येईना अंगण वाकडे!’’ वर्ग हसला. तो मुलगा खाली बसला तो तास संपेपर्यंत बोलला नाही.

दुपारी पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना ही गंमत म्हणून सांगितली. त्यांनी गंमत न मानता त्याची वही मागवली. लंबकाची लांबी 100 सेंटिमीटर. एवढ्या लंबकाच्या 20 आंदोलनांना सुमारे 40 सेकंद लागतात. त्याच्या वहीत 38 होते. त्यावरून गुरुत्वत्वरण सुमारे 1094 येत होते. यायला हवे 980च्या आसपास. पण सहकाऱ्यांनी बोट ठेवले ते दुसऱ्याच गोष्टीवर. त्याने पाच वेळा मोजले होते आणि पाचही वेळा 38च आले होते. ‘‘हात कच्चा असता तर आकडे मागेपुढे झाले असते,’’ ते म्हणाले. ‘‘दर वेळी तेवढीच चूक होते तेव्हा संशय घड्याळाचा घ्यावा.’’ त्यांनी ते घड्याळ दुसऱ्या घड्याळाबरोबर एकदम सुरू केले. दुसऱ्याने 40 दाखवले तेव्हा याने 38 दाखवले. अंगण खरोखरच वाकडे होते.

मी माझी चूक तपासली तेव्हा वरचे फरक मला उलगडले. इंग्रजी म्हण त्याला लागू नव्हती, कारण घड्याळ त्याचे नव्हते. कपाटातून जे हाती आले ते त्याने घेतले. मराठी म्हणही लागू नव्हती, कारण प्रत्येक गटाचे घड्याळ निराळे होते. इतरांची उत्तरे बरोबर आली ती दुसऱ्या अंगणात. दोन्ही म्हणी चुकल्या, पण दोन निरनिराळ्या कारणांनी. पुढच्या तासाला मी हे सर्व वर्गासमोर सांगितले आणि त्याची क्षमा मागितली. तो एवढेच म्हणाला, ‘‘सर, मी तेच सांगत होतो.’’

आपल्या म्हणीला एक जोडओळ आहे: ‘रांधता येईना ओली लाकडे’. ती इंग्रजी म्हणीच्या अधिक जवळची आहे. ओल्या लाकडांनी चूल धुमसते हे खरेच. पण पावसाळ्याआधी लाकडे वाळवून आडोशाला रचणे हे रांधणाराच्याच घरचे काम. म्हणजे इथे पुन्हा हत्याराचा न्याय आला. तेव्हा सुताराच्या बोथट पटाशीला मराठी प्रतिरूप हवे असेल तर मी आता ही ओळ सुचवतो आणि अंगण ठेवतो ते न उठणाऱ्या वक्त्यासाठी.

परीक्षेत नेहमीची जोडी जरूर लिहावी. माणसाला उद्देशून ती उच्चारण्याआधी मात्र दोन प्रश्न विचारावेत: वस्तू याच्या ताब्यातली होती का? आणि इतर नाचले ते याच अंगणात का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर म्हण बाजूला ठेवावी आणि घड्याळ तपासावे.