दहा मिनिटांत काळे केस : रंग बसतो कसा आणि लवकर उतरतो का?



जानेवारी २०२५ मध्ये आपल्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. तेव्हा एका पालकांनी मला विचारलं, "सर, मी काळ्या रंगाचा शाम्पू लावते. माझेही जातील का?" ते केसगळतीचं प्रकरण वेगळं. त्यात काहींच्या रक्तात सेलेनियम वाढलेलं आढळलं होतं. पण ताईंचा पुढचा प्रश्न वर्गात शिकवण्यासारखा होता : "आणि हा रंग पंधरा दिवसांत उतरतो का?"

आधी वांगं बघा

चिरलेलं वांगं थोडा वेळ ठेवलं की काळपट पडतं. त्यातल्या रंगहीन पदार्थांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन गडद पदार्थ बनतात. दहावीच्या 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' या पाठातलं हेच ऑक्सिडीकरण. केसांच्या पुडीतही असंच घडतं.

बऱ्याच पुड्यांना दोन कप्पे असतात. एकात पॅराफेनिलीनडायअमाइन (पीपीडी) यासारखा रंगाचा कच्चा माल आणि अमोनियासारखा अल्क, तर दुसऱ्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. म्हणजे नाव शाम्पूचं असलं तरी आत पक्का डायच असतो. फेस होतो म्हणून तो लावायला सोपा, एवढंच.

केसावर कौलांसारखे खवले असतात. अल्कामुळे ते थोडे उचलले जातात. कच्च्या मालाचे रेणू लहान असल्यामुळे फटीतून आत शिरतात. आत पेरॉक्साइडमुळे ते एकमेकांना जोडले जाऊन मोठे, काळे रेणू बनतात आणि आलेल्या वाटेने सहज बाहेर पडू शकत नाहीत. रंग टिकतो तो यामुळे.

आता खरी गोम इथे आहे : ही जोडणी केसाच्या आत व्हायला हवी. बाहेर, वाटीतच झाली तर तो मोठा रेणू आत जाणार कसा?

ताईंचं काय चुकलं?

मी त्यांना सगळं क्रमाने सांगायला लावलं. केसांना आदल्या रात्रीचं खोबरेल तेल होतं. पुडी वाटीत कालवली आणि तेवढ्यात फोन आला. दहा-बारा मिनिटांनी परत आल्या तर मिश्रण काळं झालेलं. "छान रंग आला" म्हणून तेच लावलं आणि घाईत पाच मिनिटांत धुतलं.

म्हणजे तेलाने वाट अडवली, बराच रंग वाटीतच तयार झाला आणि जो कच्चा माल आत गेला त्याला पुरेसा वेळ मिळाला नाही. वर बसलेला रंग पहिल्या दोन-तीन धुण्यांत गेला आणि कानशिलाजवळ लालसर छटा उरली. म्हणून केस आधी धुऊन कोरडे करावेत, मिश्रण कालवल्याबरोबर लावावं आणि पुडीवर लिहिलेला वेळ पूर्ण ठेवावा. वेळ वाढवूही नये.

काही शाम्पूंत पेरॉक्साइड नसतंच. त्यांतला तयार रंग केसाच्या पृष्ठभागावर आणि वरच्या थरात बसतो. तो थोड्या धुण्यांत जाणारच, त्यात तुमची चूक नाही. दोन कप्पे आहेत का आणि घटकांत पेरॉक्साइड आहे का, हे पाहिलं की बहुधा फरक कळतो.

आपल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक अडचण आहे. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, मग आपण जास्त चोळतो. साबण अल्कधर्मी असतो, त्यामुळे खवले पुन्हा उचलले जातात. रंगवलेल्या केसांना अंगाचा साबण किंवा धुण्याचा सोडा लावू नये.

उतरलं की वाढलं?

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. पंधरा दिवसांत मुळाशी अर्धा सेंटिमीटर पांढरी रेघ दिसणारच. तो रंग उतरलेला नसतो, तो नवा केस असतो. टोकापर्यंत सगळा केस फिका झाला असेल तरच रंग उतरला म्हणायचं. हा फरक न कळल्याने लोक दर पंधरवड्याला पूर्ण डोकं रंगवतात. खरं तर मुळांपुरतं लावलं तरी भागतं.

एक गोष्ट टाळू नका

पीपीडीची काहींना तीव्र ॲलर्जी होते. पूर्वी कधी त्रास झाला नाही, म्हणून पुढे होणार नाही असं नसतं. 'हर्बल' लिहिलेल्या पुडीतही पीपीडी असू शकतं. त्यामुळे कानामागे किंवा कोपराच्या आत थोडं लावून ४८ तास थांबा. खाज, पुरळ किंवा सूज आली तर ती पुडी डोक्याला लावायची नाही. भुवया-पापण्यांना तर कधीच नाही, डोळ्यांना इजा होते. स्नेहसंमेलनासाठी मुलांचे केसही याने रंगवू नका.

वर्गात दाखवायला पुडी नको. चिरलेलं वांगं पुरतं. एका फोडीवर लिंबू पिळा, दुसरी तशीच ठेवा आणि कोणती आधी काळी पडते ते मुलांनाच सांगू द्या.