अण्णा भाऊंचे पहिले पुस्तक कोणते? – ग्रंथसूचीचा एक पाठ

अण्णा भाऊ साठे यांचे पहिले पुस्तक कोणते आणि त्यांच्या कादंबऱ्या नेमक्या किती, हे दोन प्रश्न जयंतीच्या व्याख्यानांत दरवर्षी येतात आणि दरवर्षी वेगवेगळी उत्तरे घेऊन परततात. कोणी पस्तीस कादंबऱ्या सांगतो, कोणी त्याहून कमी, कोणी जास्त. ही तफावत वक्त्यांच्या निष्काळजीपणापेक्षा लेखकाच्या प्रकाशनाच्या रीतीतून अधिक निर्माण झाली आहे. अण्णा भाऊंचे आरंभीचे लेखन पुस्तकांतून नव्हे, तर शाहिरी फडांतून, चळवळीच्या सभांतून आणि ‘लोकयुद्ध’सारख्या साप्ताहिकांतून लोकांपर्यंत गेले. पुस्तके मागाहून आली. अशा लेखकाची सूची कशी करावी, याची रीत येथे मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे ‘पहिले’ हा शब्द फोडून घ्यावा. पहिली छापलेली रचना, पहिली स्वतंत्र पुस्तिका, पहिली कथा, पहिला कथासंग्रह आणि पहिली कादंबरी ही पाच वेगळी उत्तरे आहेत. स्टालिनग्राडचा पोवाडा हे सोपे उदाहरण. ती लढाई ऑगस्ट 1942 ते फेब्रुवारी 1943 या काळात झाली. म्हणून पोवाडा त्याआधीचा असू शकत नाही. इतके मजकुरावरूनच सिद्ध होते. परंतु मजकूर फक्त अलीकडची सीमा सांगतो. तो केव्हा छापला गेला, हे छापील प्रतच सांगू शकते. पोवाडा रचला, गायला आणि छापला या तीन क्रिया आहेत आणि सूचीत तिन्हींना स्वतंत्र रकाना हवा.

कादंबरीच्या बाबतीत हाच घोटाळा अधिक गंभीर होतो. ‘चित्रा’ ही पहिली कादंबरी आणि तिचे साल 1945, असे पुष्कळ चरित्रपर लेखांत आढळते. हे साल लेखनाचे की पुस्तकाचे? पडताळणीसाठी दोन जुनी साधने आहेत. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा दुसरा भाग 1938 ते 1950 या काळातील पुस्तके नोंदवतो. दुसरे साधन सरकारी आहे. 1867 च्या मुद्रणविषयक कायद्यान्वये छापखान्याला प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारकडे द्याव्या लागत आणि त्यावरून मुंबई प्रांताची त्रैमासिक यादी निघे. तीत पुस्तकाचे नाव, मुद्रक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, किंमत अशा नोंदी असत. 1945 चे पुस्तक या दोन्ही ठिकाणी सापडले, तर वाद मिटला. मात्र ते सापडले नाही, तर ‘तेव्हा पुस्तक नव्हते’ असे लगेच लिहू नये. चळवळीची छोटी प्रकाशने सरकारी नोंदीत न येणे शक्य होते आणि दाते यांची सूचीही ज्या प्रती त्यांच्यापर्यंत पोहोचल्या त्यांच्यावरच उभी होती. अशा वेळी ‘लेखन 1945 असे सांगितले जाते, पुस्तकरूपाचा पुरावा अमुक सालापासून’ इतकेच लिहिणे प्रामाणिकपणाचे.

1950 नंतर वाट अवघड होते. दाते, काळे आणि बर्वे यांची नियतकालिकांची थोर सूचीही 1950 पाशी थांबते. अण्णा भाऊंचे बहुतेक कथात्म लेखन त्यानंतरचे आहे. म्हणजे साप्ताहिके व दिवाळी अंक स्वतः पान पान उलटून पाहण्याला पर्याय नाही. हे काम करताना एक अडचण हमखास येते. ग्रंथालयात अंक बांधताना बांधणारा मुखपृष्ठे काढून टाकतो आणि दिनांक बहुधा मुखपृष्ठावरच असतो. मग आतल्या जाहिराती, निवडणुकीच्या बातम्या, पुढील अंकाची सूचना यांवरून महिना ठरवावा लागतो. असा ठरवलेला दिनांक चौकटी कंसात द्यावा, म्हणजे तो छापील नव्हे, अनुमानित आहे हे वाचकाला कळते.

‘फकिरा’ हे नमुन्यादाखल घेऊ. कादंबरी 1959 ची. 1961 मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. म्हणून पुरस्काराचे साल प्रकाशनाचे साल म्हणून लिहिण्याची चूक सहज होते. अर्पणपत्रिका बाबासाहेब आंबेडकरांना आहे आणि प्रस्तावना वि. स. खांडेकरांची. या दोन पानांना आपल्या दृष्टीने मजकुराइतकेच मोल आहे, कारण मातंग समाजातल्या या लेखकाने आपले नाते कोणाशी सांगितले याचा छापील पुरावा अर्पणपत्रिकेतच आहे. पुनर्मुद्रणात अशी पाने गळू शकतात. म्हणून प्रत्येक आवृत्तीपुढे ‘अर्पणपत्रिका आहे/नाही, प्रस्तावना आहे/नाही’ ही नोंद करावी. ‘पहिली आवृत्ती’ या शब्दांवरही विसंबू नये. नवा प्रकाशक जुनी कादंबरी काढतो तेव्हा ती त्याची पहिली आवृत्ती असते, पुस्तकाची नव्हे. प्रस्तावनेखालचा दिनांक आणि मुद्रकाचे नाव ताडून पाहिले की फरक उघड होतो.

संख्या फुगण्याचे मोठे कारण चित्रपट हे आहे. ‘आवडी’वरून ‘टिळा लाविते मी रक्ताचा’, ‘माकडीचा माळ’वरून ‘डोंगरची मैना’, ‘चिखलातील कमळ’वरून ‘मुरली मल्हारीरायाची’ आणि ‘अलगूज’वरून ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’ हे चित्रपट निघाले. चित्रपटाचे नाव पुस्तकांच्या यादीत शिरले की एका कादंबरीच्या दोन होतात. कथासंग्रहांत उलट अडचण असते. एकच कथा दोन संग्रहांत आली, तर संग्रहांची संख्या वाढते, लेखन वाढत नाही. यावर उपाय एकच. सूची संग्रहांची न करता कथांची करावी आणि प्रत्येक कथेपुढे ती प्रथम कोठे छापली व नंतर कोणत्या संग्रहांत आली, हे लिहावे.

ग्रंथालयात शोधताना नावाची रूपे लक्षात ठेवावीत. जन्मनाव तुकाराम भाऊराव साठे. त्यामुळे पत्रपेटीत ते ‘साठे, तुकाराम’, ‘साठे, अण्णाभाऊ’ किंवा थेट ‘अ’ अक्षराखालीही असू शकतात. जिल्ह्याचेही तसेच. वाटेगाव 1920 साली सातारा जिल्ह्यात होते. 1949 मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जुन्या नोंदीत ‘साताऱ्याचे’ आणि नव्यात ‘सांगलीचे’ म्हटलेले लेखक एकच आहेत.

प्रत्येक नोंदीच्या शेवटी, सूचीकाराने प्रत स्वतः पाहिली की दुसऱ्याच्या यादीवरून घेतली, हे चिन्हाने दाखवावे. न पाहिलेल्या पुस्तकावर फुली असावी. शंभर नोंदींपैकी चाळीस फुल्या असलेली सूची, एकही फुली नसलेल्या ऐकीव यादीपेक्षा अधिक उपयोगाची असते. कारण पुढच्याने कोठून सुरुवात करायची हे तिच्यावरून कळते.

यातील बऱ्याच फुल्या मोठ्या ग्रंथालयांत पुसल्या जाणार नाहीत. 2019 च्या महापुरात सांगलीतल्या ग्रंथसंग्रहांचेही नुकसान झाले. जयंतीच्या मांडवात घेतलेली पातळ पुस्तिका, वडिलांच्या पेटीतला जुना दिवाळी अंक, गावच्या वाचनालयाने रद्दीत काढलेले पुस्तक येथेच उरलेला पुरावा असणार. माजी विद्यार्थ्यांच्या वा पालकांच्या घरी अशी प्रत असेल, तर ती चिकटपट्टीने जोडू नये, पुन्हा बांधायला देऊ नये. मुखपृष्ठ, नामपृष्ठ, त्यामागचे मुद्रणाचे पान, अर्पणपत्रिका, प्रस्तावनेचा शेवट आणि मलपृष्ठ या सहा पानांची स्वच्छ छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत कोणाकडून, केव्हा आली ते वेगळ्या कागदावर लिहून तिच्यासोबत ठेवावे. एक फुली पुसायला तेवढे पुरते.