आजचे चिंतन : अभंगात बोलतंय कोण?



लोणावळा लोकलमध्ये देहूरोड स्टेशन गेलं की मी मोबाईलवर गाथा उघडतो. आज वाचला तो जिजाईच्या रागाचा अभंग. तुकोबांच्या बायकोने त्यांना सुनावलेले बोल गाथेत एकत्र येतात, त्यातला हा एक.

प्रसंग साधा आहे. घरात धान्याची गोणी आली आहे. पण हा माणूस पोरांना दाणे खाऊ देत नाही आणि लोकांच्या झोळ्या भरतो. वर त्याला शिव्याही आहेत. पहिल्यांदा वाचताना मी अडखळलो. तुकोबा कोणाला शिव्या देतायत?

पोथीत अवतरणचिन्हं नसतात आणि इथे ‘ती म्हणाली’ असंही येत नाही. मग बोलणारा बदलला हे ओळखायचं कसं? प्रत्येक कडव्यात ‘तो’ कोण, ‘ती’ कोण, एवढं विचारायचं.

अभंगात चार कडवी आहेत. पहिल्या दोनांत ‘तो’ म्हणजे स्वतः तुकोबा, म्हणजे बोलतेय जिजाई. शिवीही बायकांच्या तोंडची आहे. तिसऱ्या कडव्यात ती चवताळून हाताला झोंबते असं वर्णन येतं. आता ‘ती’ म्हणजे जिजाई, म्हणजे बघणारा दुसरा कोणीतरी आहे. चौथ्यात ‘तुका म्हणे’ येतं आणि निकाल लागतो, तोही तिच्या विरोधात: दोष तिच्या संचिताचा.

आता हेच ‘बायको म्हणते की मी पोरांना खाऊ देत नाही’ असं लिहिलं असतं तर? तिचं बोलणं तुकोबांच्या शब्दांतून गाळून आलं असतं. तिची शिवी गेली असती, तिचा सूरही गेला असता. थेट तिलाच बोलू दिल्यामुळे अर्ध्या अभंगात तुकोबा बोलणारे उरत नाहीत, आरोपी होतात. शेवटचा शब्द त्यांचा आहे खरा. पण निकाल ऐकून झाल्यावरही पोरांच्या भुकेची तक्रार आपल्या कानात तशीच राहते, कारण तिचं उत्तर त्या निकालात नाही.

दोन चुका इथे सहज होतात. पहिली दोन कडवी तेवढी स्टेटसला टाकली तर जिजाईचे बोल तुकोबांचं मत ठरतात. उलट ते बोल म्हणजे जिजाईचं रेकॉर्डिंग समजलं तरी चुकतं. ती काही यमक जुळवून भांडली नसणार. राग तिचा, पण शब्द बसवले तुकोबांनी, आणि स्वतःवरचा आरोप इतका धारदार त्यांनीच केला.

मला आज तेच लागलं. घरचं भांडण मित्राला सांगताना मी बायकोचं वाक्य नेहमी माझ्या शब्दांत सांगतो, आणि ते दर वेळी थोडं बोथट होतं.

आज संध्याकाळी तिचं वाक्य तिच्याच शब्दांत आठवून बघणार आहे.

राम कृष्ण हरी 🙏