फिटरच्या पहिल्या बायोडाट्याचा कानमंत्र

बोरीहून रोज एसटीनं जिंतूरच्या आयटीआयत गेलास, दोन वर्षं फाईल घासलीस, आणि बायोडाट्यात सगळं मिळून एवढंच लिहिलंस: 'हत्यारे हाताळली : फाईल, हॅकसॉ, व्हर्नियर, ड्रिल'. बाळा, वाळूजच्या कंपनीत सुपरवायझरच्या टेबलावर पडलेल्या प्रत्येक फिटरच्या कागदावर हीच ओळ असते. तुझा कागद त्यानं का उचलावा?

आधी तुझं प्रॅक्टिकलचं जर्नल काढ. प्रत्येक जॉबचं ड्रॉइंग, तारीख आणि सरांचे गुण त्यात आहेतच. त्यातले चांगले जमलेले तीनच जॉब निवड आणि लिहिताना हत्याराऐवजी जॉबपासून सुरुवात कर. असं: 'माइल्ड स्टील प्लेटवर मेल-फिमेल स्क्वेअर फिटिंग. मार्किंग व्हर्नियर हाइट गेजने, माप ±0.04 मि.मी.च्या आत.' हत्यार, धातू आणि अचूकपणा, तिन्ही गोष्टी एका ओळीत आल्या. मात्र हा आकडा जर्नलमध्ये असेल तरच लिही. तुझा जॉब ±0.1 वरच थांबला असेल तर 0.1 लिही, त्यात कमीपणा नाही.

कारण लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न येतो. 'टॅपिंग केले' असं दिसलं की समोरचा विचारणार, एम-10 च्या टॅपला ड्रिल कितीचं? साध्या एम-10 चा पिच 1.5, म्हणून दहातून दीड वजा, साडेआठ. नऊचं घेतलं तर आटे उथळ पडतात, आठचं घेतलं तर टॅप अडकून मोडतो. हे सांगता आलं तरच ती ओळ ठेव. तसंच व्हर्नियरचं लीस्ट काउंट 0.02 आणि मायक्रोमीटरचं 0.01, हे झोपेतून उठवलं तरी सांगता यायला हवं. मशीन नुसतं लांबून पाहिलं असेल, तर सरळ 'प्रात्यक्षिक पाहिले' म्हण. लेथ चालवली म्हणालास आणि चकमध्ये जॉब धरता आला नाही, तर मुलाखत तिथंच संपते.

अप्रेंटिसशिपचा रकाना वेगळा ठेव, तो शिक्षणात कोंबू नको. खात्याचं नाव, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, आणि रोज हातात असलेलं काम लिही: 'मेंटेनन्स खाते, कन्व्हेयरची बेअरिंग बदलणे, व्ही-बेल्टचा ताण बघणे'. ठेकेदाराकडे 'ट्रेनी' म्हणून काम केलं असेल तर त्याला अप्रेंटिसशिप म्हणू नको. खरी अप्रेंटिसशिप 1961 च्या कायद्याखाली करार करून होते, त्याची नोंद पोर्टलवर असते, आणि शेवटी परीक्षा पास झाल्यावर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. आयटीआयचं प्रमाणपत्र वेगळं, हे वेगळं. दोन्ही असतील तर दोन ओळी कर. डिप्लोमावाल्या तुझ्या चुलतभावालाही हेच सांग. त्याचं ट्रेनिंग वेगळ्या योजनेतून होतं, पण खातं आणि काम लिहायची रीत तीच.

अजून अप्रेंटिसशिप चालू असेल तर सुरू झाल्याची तारीख टाक आणि पुढं 'चालू' एवढंच लिही. आणि हो, नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटवर आणि आधारवर एकच आहे ना, ते आजच बघून घे.