‘शिफ्ट कॅन्सल झाली’चं व्याकरण

प्रश्न : चाकणला नोकरी करणाऱ्या मित्रांच्या मराठी-इंग्रजी मेसेजवर मला भाषाविज्ञानाचा प्रकल्प करायचा आहे. पण ही तर बिघडलेली भाषा, त्यात अभ्यासण्यासारखं काय?
– एक विद्यार्थिनी, चिंचवड

उत्तर : ती बिघडलेली नाही, नियमानं चालते. ‘नाइट शिफ्ट कॅन्सल झाली, सरांना इन्फॉर्म कर’ हे वाक्य पाहा. बरेच शब्द इंग्रजी, पण प्रत्यय, क्रम आणि ‘झाली’, ‘कर’ मराठी. ‘शिफ्ट’ला स्त्रीलिंगही मराठीनंच दिलं. माझ्या मते तुम्ही एवढंच धरा : इंग्रजी नामांना कोणतं लिंग मिळतं? सुमारे २०० मेसेज घ्या आणि नामाशेजारी जुळणारं क्रियापद किंवा विशेषण नोंदवा. ‘मीटिंग आहे’मधून लिंग कळत नाही, ते वगळा. ‘ईमेल आला’, ‘आली’ की ‘आलं’, असा फरक दिसला, तर कोण काय लिहितं ते तपासा. मेसेज घेताना दोन्ही बाजूंची संमती हवी. नावं, नंबर, कंपनीचे तपशील काढून टाका. स्पेलिंग मात्र सुधारू नका.