पहिलं लग्न संपल्याचे कागद: अमेरिकेच्या व्हिसासाठी

तुम्ही वाळूजच्या, नवरा अमेरिकेत, आणि दोघांपैकी एकाचं तरी हे दुसरं लग्न. मग बसा टेबलाशी, कागद एकेक करून लावू.

१. दोघांची आधीची सगळी लग्नं एका कागदावर लिहा. नवऱ्याचं जुनं लग्न हमखास राहून जातं. त्याचाही पुरावा लागतो.

२. प्रत्येक लग्नापुढे ते कशानं संपलं आणि कोणत्या तारखेला, ते लिहा.

३. घटस्फोट असेल तर निकाल दिलेल्या न्यायालयातच नक्कल अर्ज करा. जिल्हा न्यायालयाचा निकाल असेल तर अदालत रोडला जा. मागायची ती हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, सही-शिक्क्यासकट. वकिलाकडची झेरॉक्स चालत नाही. नोटरीसमोर स्टॅम्पपेपरवर केलेल्या सोडचिठ्ठीवर तर विसंबूच नका.

४. हुकूमनाम्याची तारीख नव्या लग्नाच्या तारखेशी ताडून बघा. हिंदू विवाह कायद्याखाली लढून घेतलेला घटस्फोट असेल तर अपिलाची ९० दिवसांची मुदत सरल्याशिवाय पुन्हा लग्न करता येत नाही. समजा, हुकूमनामा १० जानेवारी २०२३ चा आहे. मुदत १० एप्रिलपर्यंत जाते. लग्न १ मार्चला लागलं असेल तर इथेच थांबा आणि अर्जाआधी वकिलाला गाठा. ही गाठ नुसत्या कागदांनी सुटत नाही.

५. जोडीदार वारला असेल तर मृत्यू जिथे झाला तिथल्या निबंधकाकडून दाखला घ्या. वाळूजचा माणूस घाटीत वारला तर वाळूज ग्रामपंचायतीत हेलपाटे घालू नका, नोंद शहरात असते.

६. दाखल्यावरचं नाव पहिल्या लग्नाच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. चूक दिसली तर आत्ताच त्याच निबंधकाकडून दुरुस्त करून घ्या.

७. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. भाषांतर अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकारानं खाली लिहून सही करायची. ही सही राहिली की कागद परत येतो. एजंट अपोस्टिल गळ्यात मारू लागला तर पैसे वाचवा, या व्हिसाला ते लागत नाही.

८. मूळ कागद आणि भाषांतर एकाच फाइलमध्ये स्कॅन करा. पाठीमागे शिक्का असेल तर ती बाजूही घ्या.

९. तुमचा DS-260 भरताना तारखा या कागदांवरूनच उतरवा. नवऱ्याच्या I-130 ची प्रत शेजारी ठेवा, दोन्हींत तारीख एकच हवी.

१०. फाइल CEAC वर चढवा.

११. मुलाखतीला मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत जाताना हीच प्रमाणित प्रत, हाच दाखला हातात ठेवा. नवऱ्याचा हुकूमनामा अमेरिकेतला असेल तर त्याची प्रमाणित प्रत त्याला आधीच कुरिअर करायला सांगा. मोबाइलवरचा फोटो खिडकीवर चालत नाही.